प्रकल्प नोंदी: ‘तिसरी शिट्टी’ या सहा चौकटींच्या चित्रपट्टीचे चलचित्र

३ नोव्हेंबर २०२५

एका चित्रकर्तीने काही वर्षांपूर्वी दिवाळी अंकासाठी काढलेली सहा चौकटींची चित्रपट्टी, चित्रफिती तयार करणाऱ्या एका एआय मॉडेलच्या मदतीने, चलचित्रात आणण्याचे काम आज हाती घेतले. ताईंनी (आम्ही सगळे त्यांना असेच म्हणतो) लेखी परवानगी देताना तीन अटी घातल्या आहेत. चौकटींचा क्रम बदलायचा नाही, त्यांच्या हस्ताक्षरातील संवाद छापील टंकात घालायचे नाहीत, आणि त्यांच्या चित्रांवर कोणतेही मॉडेल शिकवायचे नाही. कृती विकृत होऊ नये यासाठी लेखकाला व चित्रकाराला मिळणारा विशेष हक्क १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहेच. मात्र या अटी मला कायद्यापेक्षा कामाच्या दृष्टीने अधिक उपयोगी वाटल्या, कारण बिघाड नेमका कुठे होणार हे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे.

चित्रपट्टीची गोष्ट अशी आहे. पहिल्या चौकटीत आजी पिशवी घेऊन दाराशी उभ्या आहेत आणि ओट्याजवळ खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आजोबांना बजावतात, “तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.” आजोबा “हो, हो” म्हणतात. दुसऱ्या चौकटीत कुकरची शिट्टी होते आणि आजोबा “एक” मोजतात. तिसऱ्या चौकटीत “दोन”. चौथ्या चौकटीत आजोबांचा हात शेगडीच्या बटणावर आहे आणि संवाद नाही. पाचवी चौकट हुबेहूब तशीच आहे, फक्त खिडकीत अंधार पडला आहे. सहाव्या चौकटीत आजी भाजी घेऊन परततात, आजोबा तसेच बसलेले असतात आणि म्हणतात, “श्श! अजून तिसरी व्हायची आहे.” त्यावर आजींचे उत्तर येते, “अहो, सिलिंडर संपलाय!”

मूळ चित्र ६०० डीपीआयने स्कॅन केले. प्रत्येक चौकट सुमारे अडीच इंचांची असल्याने एका बाजूला साधारण १५०० पिक्सेल मिळाले. फायलींना `p01` ते `p06` अशी नावे दिली. क्रम नावातच असला की पुढे कोणतीही चौकट सुटी पडून चुकीच्या जागी जात नाही.

५ नोव्हेंबर

पहिला प्रयोग मुद्दाम आळशी पद्धतीने केला: चित्र न देता केवळ शब्दांत प्रसंग सांगितला. स्वयंपाकघरात बसलेले आजोबा कुकरच्या शिट्ट्या मोजत आहेत, शैली विनोदी कार्टूनची, एवढेच इंग्रजीत लिहिले. आलेल्या चित्रफितीत आजोबांच्या तोंडात खेळाच्या मैदानावरची शिट्टी होती, कुकरच्या जागी झाकण उघडे असलेले पातेले होते आणि त्यांचा चेहरा प्लास्टिकच्या बाहुलीसारखा चकचकीत होता. ‘कार्टून’ हा शब्द मॉडेलला ताईंच्या रेषेकडे नेत नाही. ज्या प्रकारची गुळगुळीत, छायाप्रकाश दिलेली चित्रे त्याने सर्वाधिक पाहिली आहेत त्यांच्याकडे नेतो. म्हणून यापुढे प्रत्येक चौकट हीच चित्रफितीची पहिली फ्रेम म्हणून द्यायची आणि प्रॉम्प्टमध्ये काय दिसते याऐवजी काय हलते एवढेच लिहायचे, असे ठरवले.

आमचे मॉडेल एका वेळी ८१ फ्रेम्स तयार करते आणि सेकंदाला १६ फ्रेम्स धरल्या तर त्याचे जेमतेम पाच सेकंद होतात. शिट्टीला तेवढा वेळ लागत नाही, त्यामुळे वेळ कमी पडण्याची चिंता नाही. चिंता उलटी आहे: उरलेल्या वेळात मॉडेल स्वस्थ बसत नाही.

८ नोव्हेंबर

आजचा दिवस संवादफुग्यांत गेला. फुगे चित्रातच ठेवून पहिली चौकट चालवून पाहिली, तेव्हा फुगा हा मॉडेलच्या लेखी खोलीत तरंगणारी एक पांढरी वस्तू ठरला. तो हळूहळू वर सरकला, त्याची शेपटी आजींच्या तोंडापासून सुटून खिडकीकडे वळली आणि दीड सेकंदात अक्षरे वितळली. देवनागरीत हा बिघाड विशेष लवकर दिसतो. शिरोरेषा तुटते, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात आणि ‘शिट्ट्या’ यासारख्या जोडाक्षराचा तर निव्वळ गुंता होतो. संवादाचा मजकूर प्रॉम्प्टमध्ये अवतरणचिन्हांत लिहून पाहिला, तर चित्राच्या तळाशी उपशीर्षकासारखी अगम्य अक्षरपट्टी उमटली.

त्यामुळे मार्ग एकच राहिला. प्रत्येक फुगा शेपटीसह कापून पारदर्शक पार्श्वभूमीच्या वेगळ्या फायलीत ठेवला आणि फुग्याखाली झाकला गेलेला भाग (भिंत, कोनाडा, दाराची चौकट) हाताने रंगवून भरून काढला. मॉडेलला मिळते ते फुग्याविना चित्र, आणि ताईंच्या हस्ताक्षरातील फुगा त्यावर शेवटी ठेवला जातो, म्हणजे त्यांची दुसरी अट आपोआप पाळली जाते. कुकरवरचे मोठे ‘शिऽऽऽ’ हे फुग्यात नाही, ते चित्राचाच भाग आहे. तरीही त्याचीही वेगळी फाईल केली, कारण मॉडेलसाठी तेही अक्षरच.

ही साफसफाई करताना मला एक गोष्ट दिसली, जी छापील अंक इतक्या वेळा पाहूनही माझ्या नजरेतून निसटली होती. पहिल्या तीन चौकटींत कुकरखाली ज्वाळेच्या पाच बारीक निळ्या रेषा आहेत आणि चौथ्या चौकटीत त्या नाहीत. गॅस तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मधल्या कोऱ्या जागेत संपला आहे. ताईंना दूरध्वनी केला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “अरे, तुला आता दिसलं? बरं झालं. सगळ्यांना लगेच दिसलं असतं तर पुढच्या दोन चौकटी कशाला काढल्या असत्या मी?”

११ नोव्हेंबर

८ तारखेच्या शोधामुळे चौकटींमधल्या जोडण्यांचा पुन्हा विचार करावा लागला. माझा बेत असा होता की तिसरी चौकट पहिली फ्रेम आणि चौथी चौकट शेवटची फ्रेम म्हणून द्यावी आणि मधली हालचाल मॉडेलने भरावी; आजोबांचा हात वर्तमानपत्रावरून बटणाकडे सलग सरकताना छान दिसला असता. प्रयोग केलाही. हात सरकला, पण त्याच वेळी निळ्या रेषा प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत विझल्या. जे कोऱ्या जागेत घडायला हवे होते ते पडद्यावर घडले आणि सहाव्या चौकटीला सांगण्यासारखे काही उरले नाही.

चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी चित्रकथांविषयीच्या आपल्या पुस्तकात १९९३ मध्ये चौकटींमधल्या संक्रमणांचे सहा प्रकार सांगितले होते. त्यांतला क्षणाकडून क्षणाकडे जाणारा प्रकार सोडला तर बाकीच्यांत वाचक मधला काही भाग स्वतः भरतो. पहिली आणि शेवटची फ्रेम देऊन मधला भाग भरून घेणे म्हणजे वाचकाचे ते काम यंत्राकडे सोपवणे. म्हणून ते फक्त तिथेच करायचे, जिथे मध्ये काही लपलेले नाही. आमच्या पाच जोडण्यांपैकी चार ठिकाणी सरळ कट द्यायचे ठरले. चौथ्या आणि पाचव्या चौकटींत फरक फक्त खिडकीतल्या प्रकाशाचा असल्याने तिथे खिडकीपुरता भाग हळूहळू काळवंडत नेला आणि त्यासाठी मॉडेलची गरजच पडली नाही, साधा क्रॉसफेड पुरला.

दोन फ्रेम्समधले अंतर मॉडेलला झेपत नसेल तर ते कसे ओळखावे, हेही येथे नोंदवून ठेवतो. चित्रफितीच्या नेमक्या मधल्या फ्रेमवर थांबायचे. तिथे जुना हात फिकट होत असताना नवा हात त्याच्या शेजारी उगवताना दिसला, म्हणजे एका क्षणी तीन हात मोजता आले, तर ती हालचाल नसून एका चित्राचे दुसऱ्यात विरघळणे आहे. अशा वेळी प्रॉम्प्ट कितीही सुधारला तरी फारसा फरक पडत नाही. मध्ये एक चित्र हाताने काढून द्यावे किंवा कट घ्यावा.

१२ नोव्हेंबर

दुसऱ्या चौकटीचा प्रॉम्प्ट आज स्थिर झाला. इंग्रजीत लिहिण्याचे कारण एवढेच की हे मॉडेल इंग्रजी वर्णन अधिक नेमकेपणाने पाळते. मराठीत लिहिलेल्या चाचणीत आजोबा उठून चालू लागले होते.

```
Static camera. Flat black brush drawing on plain cream paper.
A thin jet of steam shoots up from the cooker lid and fades.
The old man sits frozen. His round spectacles stay blank white.
The blue strokes under the cooker stay exactly as drawn.
```

वगळायच्या गोष्टींच्या रकान्यात हे लिहिले:

```
eyes, pupils, teeth, shading, gradient, 3d, text, subtitles, zoom
```

दोन शब्दांबद्दल स्पष्टीकरण आवश्यक आहे. वाफेसाठी नुसता ‘स्टीम’ हा शब्द दिल्यावर चहाच्या किटलीवर दिसतात तसे मऊ ढग सतत निघत राहिले. कुकरची शिट्टी तशी नसते. वाफ बारीक झोताने एकदम सुटते आणि एकदम थांबते, म्हणून ‘बारीक झोत’ असे लिहावे लागले. दुसरा शब्द चष्म्याचा. ताईंच्या आजोबांच्या चष्म्याच्या काचा कोऱ्या आहेत, आत डोळे नाहीत आणि त्यांचा सगळा निर्विकारपणा त्या कोरेपणात आहे. “डोळे नकोत” असे मुख्य प्रॉम्प्टमध्ये लिहिले की ‘डोळे’ हा शब्द वाचून मॉडेल हटकून बुबुळे काढते. त्यामुळे मुख्य भागात “काचा कोऱ्या पांढऱ्या राहतात” असे होकारार्थी वाक्य आणि डोळ्यांचा उल्लेख फक्त वगळायच्या रकान्यात, अशी विभागणी केली. चार वेगवेगळ्या बीजांकांनी, म्हणजे सीड आकड्यांनी, चालवल्यावर तीन वेळा काचा कोऱ्या राहिल्या. चौथ्यात पापण्या आल्या.

चष्म्याचे आणि कागदाचे वर्णन प्रत्येक चौकटीच्या प्रॉम्प्टमध्ये शब्दशः तेच ठेवायचे. एका ठिकाणी मी कागदासाठी ‘क्रीम’ ऐवजी ‘आयव्हरी’ लिहिले होते, तर त्या चौकटीची भिंत पिवळट झाली.

१६ नोव्हेंबर

पहिली आणि सहावी चौकट अवघड जाणार हे माहीत होते, कारण दोन्हींत आजी बोलतात. ताईंच्या आजींना तोंडच काढलेले नाही. अंबाडा म्हणजे काळा भरीव ठिपका, नाकाची एक रेषा, आणि बोलणे केवळ फुग्यावरून व उगारलेल्या बोटावरून कळते. मॉडेलला “ती बोलते” असे सांगताच त्याने ओठ काढले, ओठांमागून दात आले, आणि तिसऱ्या सेकंदाला आजींनी प्रेक्षकाकडे मान वळवली तेव्हा ताईंनी कधीच न काढलेला, समोरून दिसणारा, एक अनोळखी चेहरा पडद्यावर आला. ताईंना तो पाठवला, त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: “ह्या बाई कोण? माझ्या आजीला तोंड नाही, तिला फुगा आहे.”

म्हणून प्रॉम्प्टमधून बोलण्याचा उल्लेख काढून टाकला. आता फक्त मनगटापासून पुढचे बोट दोनदा वरखाली होते, एवढेच मागितले आहे. शिवाय मागितलेल्याशिवाय जे हलते ते टाकून देण्याची सोय केली: तयार झालेल्या चित्रफितीतून हात आणि बोट एवढाच भाग मास्कने उचलायचा आणि बाकी सगळी चौकट मूळ स्कॅनमधून घ्यायची. कॅमेरा पूर्ण स्थिर असेल तरच हे जमते. अर्धा टक्का झूमदेखील झाला तर मनगटाजवळ रेषा जुळत नाही आणि बांगडी दोनदा दिसते.

या पद्धतीचा आणखी एक फायदा नंतर लक्षात आला. मॉडेल ६४० बाय ६४० पिक्सेलवर काम करते आणि आम्ही चौकट ९६० बाय ९६० एवढी दाखवतो. मोठी करताना ब्रशच्या रेषेची कोरड्या शाईने तुटलेली कडा गुळगुळीत होते. ती तुटलेली कडाच तर ताईंची ओळख आहे. आता ती कडा नव्वद टक्के भागात मूळ कागदावरचीच राहते. उरलेल्या भागात हालचाल असल्यामुळे मऊपणा डोळ्यांना खुपत नाही.

चौकटी चौरस आहेत आणि पडदा आडवा. बाजूची जागा मॉडेलकडून भरून घेण्याचा मोह आवरला, कारण त्यात ओट्यावर मिक्सर आणि फ्रिज उगवले असते. चौकट मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना कोरा कागद दाखवायचा, एवढेच केले.

हालचालीचा वेगही बदलला. सेकंदाला १६ फ्रेम्सची ओघवती हालचाल या रेषेला शोभत नव्हती, आजींचे बोट पाण्यात हलल्यासारखे वाटत होते. एकाआड एक फ्रेम गाळून ८ केल्या आणि अंतिम २४ फ्रेम्सच्या चित्रफितीत प्रत्येक चित्र तीन फ्रेम्स टिकवले.

१९ नोव्हेंबर

फुगे परत बसवले. कागदावर फुग्यांचा क्रम जागेवरून ठरतो, डावीकडचा आणि वरचा आधी वाचला जातो. पडद्यावर दोन्ही फुगे एकदम दाखवले तर तसे होत नाही, हे सहाव्या चौकटीत दिसून आले; आजींचा फुगा मोठ्या अक्षरांत असल्याने पाहणाऱ्याची नजर आधी तिकडेच गेली आणि “सिलिंडर संपलाय” वाचल्यावर आजोबांचे वाक्य निरर्थक झाले. म्हणून जागेचा क्रम वेळेत उतरवला:

```
ffmpeg -i p06.mp4 -i b06a.png -i b06b.png -filter_complex \
"[0][1]overlay=enable='gte(t,0.5)'[a];[a][2]overlay=enable='gte(t,3)'" p06_b.mp4
```

आजोबांचा फुगा अर्ध्या सेकंदाला येतो, आजींचा तिसऱ्या सेकंदाला. दुसरा आला तरी पहिला काढायचा नाही, असा नियम सर्व चौकटींसाठी केला, त्यामुळे प्रत्येक चौकटीची शेवटची फ्रेम छापील चौकटीशी तंतोतंत जुळते आणि तपासणीही सोपी होते: शेवटची फ्रेम स्कॅनवर ठेवून दोन्ही आळीपाळीने पाहायच्या, काही उडी मारताना दिसले तर तिथे चूक आहे. फुगा किती वेळ ठेवायचा यासाठी मी वाक्य सावकाश मोठ्याने वाचतो आणि वर अर्धा सेकंद धरतो. अक्षरे एकामागून एक उमटवण्याची सूचना एका मित्राने केली होती, ती घेतली नाही. हाताने लिहिलेला फुगा टाइप होत नसतो.

‘शिऽऽऽ’ या अक्षरांना मात्र हलवले, ताईंच्या संमतीने: तीच अक्षरे त्यांनी तीनदा काढून दिली आणि ती आळीपाळीने दाखवल्यावर थरथर आली. मॉडेलचा तिथे काही संबंध नाही.

२१ नोव्हेंबर

चौथी आणि पाचवी चौकट मॉडेलकडून करवून घेण्याचे प्रयत्न आज थांबवले. एकूण अकरा वेळा प्रयत्न केले. “काहीही हलत नाही” असे सांगूनही प्रत्येक वेळी काही ना काही हलले. कधी वर्तमानपत्राचा कोपरा, कधी आजोबांची छाती श्वासाने, आणि चार वेळा कुकरमधून वाफ निघाली. इतरत्र ही बारीक चूक ठरली असती. येथे वाफेचा एक धागा म्हणजे तिसरी शिट्टी. ती झाली की गोष्टच संपली.

आता या दोन चौकटी म्हणजे मूळ स्कॅनच आहेत. पूर्ण गोठलेले चित्र बिघडलेल्या फितीसारखे वाटू नये म्हणून फक्त चौकटीच्या बाह्यरेषेच्या तीन प्रती आळीपाळीने दाखवल्या, त्यामुळे चित्र जिवंत राहते आणि आत काही घडत नाही. चौथीला तीन सेकंद, पाचवीला चार.

२३ नोव्हेंबर

सर्व चौकटी जोडून चोवीस सेकंदांची चित्रफीत तयार झाली आणि शेजारच्या काकांना दाखवली, कारण त्यांनी मूळ चित्रपट्टी पाहिलेली नाही. चौथी चौकट येताच ते म्हणाले, “गॅस गेला की हो!”

कारण शोधायला वेळ लागला नाही. गेल्या आठवड्यात मी हौसेने दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीतल्या निळ्या रेषांना हलकी फडफड दिली होती. प्रॉम्प्टमधली “काढल्याप्रमाणेच राहतात” ही ओळ मीच नंतर बदलली होती. स्वयंपाकघरात सतत हलणारी ती एकच गोष्ट असल्याने पाहणाऱ्याची नजर नकळत तिच्यावर स्थिरावते आणि ती थांबताच लक्षात येते. कागदावर ज्वाळाही स्थिर असते आणि भिंतही, म्हणून एक नाहीशी झाली तरी दुसरीच्या आड लपते.

मूळ ओळ परत घातली, दुसरी आणि तिसरी चौकट पुन्हा काढली. मास्कमध्ये आता वाफेखेरीज काही नाही.

२४ नोव्हेंबर

नवी चित्रफीत ताईंच्या घरी पाहिली. त्यांच्या सूनबाई प्रथमच पाहत होत्या; त्या सहाव्या चौकटीला हसल्या आणि लगेच म्हणाल्या, “थांबा हो, मागे घ्या जरा, कधी गेला ते बघू दे.” मागे नेऊन तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मधल्या कटवर त्यांनी दोनदा थांबवून पाहिले. ताईंनी एकच दुरुस्ती सुचवली: पाचवी चौकट चार सेकंदांऐवजी साडेपाच सेकंद ठेवावी. ती केली आणि बीजांक, प्रॉम्प्ट व मास्क `p01` ते `p06` या क्रमाने एकत्र जतन केले.